बांबूचं बेट कोणाच्या ताब्यात? सरकारी, खासगी आणि सामूहिक वनव्यवस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, अमरावती या जिल्ह्यांतल्या गावांत सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगल गावानं मिळून सांभाळण्याच्या कायदेशीर हक्काच्या, बैठका होतात, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्या वनोपजांबद्दल थोडंथोडं सांगण्यापेक्षा बांबू हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. बांबू दर पावसाळ्यात नव्यानं फुटतो आणि तीन-चार वर्षांत तोडणीला येतो, त्यामुळे व्यवस्था चांगली की वाईट हे समजायला पिढी जावी लागत नाही.

### "सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही" हे जंगलाबाबत खरं आहे ना?

हा युक्तिवाद जगभर गाजला तो १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या लेखामुळे. त्यानं मांडलं ते असं: कुरण सगळ्यांना मोकळं असेल तर प्रत्येक गुराखी एक जनावर जास्त सोडतो. फायदा त्याच्या एकट्याचा, नुकसान सगळ्यांत वाटलं जातं, आणि शेवटी कुरणच संपतं. म्हणून एक तर सरकारनं ताबा घ्यावा, नाही तर कुरणाचे तुकडे पाडून खासगी मालकांना द्यावेत.

यात एक गोष्ट सुटली होती. त्याचं कुरण सामूहिक नव्हतंच, ते बेवारस होतं. कोण येणार, किती नेणार, मोडल्यास दंड काय, यातलं काहीच तिथे ठरलेलं नव्हतं. पुढे हार्डिननं स्वतःच मान्य केलं की आपण बोलत होतो ते व्यवस्थापन नसलेल्या सामाईक साधनाबद्दल. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावरानं, स्पेन आणि फिलिपिन्समधले पाट अशी शेकडो वर्षं टिकलेली उदाहरणं तपासली आणि ती कोणत्या नियमांवर टिकली ते दाखवलं. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचं पत्र मिळालं. हा योगायोग असला तरी लक्षात ठेवायला सोयीचा आहे.

त्यामुळे जंगल पाहताना मालक कोण हे विचारून भागत नाही. तोडीचा निर्णय घेणारा आणि चुकीच्या तोडीचं नुकसान सोसणारा एकच आहे का, हे विचारावं. पुढची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

### सरकारी ताब्यात बांबूचं नेमकं काय बिघडलं? वनखात्याकडे तज्ज्ञ तर होते.

तज्ज्ञ होते आणि त्यांचे नियमही बरे होते. खात्याच्या कार्य आयोजनेतले, म्हणजे जंगल कसं वापरायचं याच्या आराखड्यातले, बांबू तोडीचे नियम आज ग्रामसभा जवळजवळ जसेच्या तसे वापरतात. बिघाड होता तो अंमलबजावणीत आणि भावात.

कागद गिरण्यांना बांबू दीर्घ मुदतीच्या करारानं मिळायचा. स्वामित्वशुल्क सरकार ठरवायचं, आणि ते बाजारभावाच्या कितीतरी खाली असायचं. शेजारच्या कर्नाटकातलं उदाहरण नोंदलेलं आहे: उत्तर कन्नड जिल्ह्यात १९५८ च्या सुमारास गिरणीला टनाला दीड रुपया या दरानं बांबू मिळत होता, आणि बुरुडाला तोच बांबू बाजारात अनेक पटींनी महाग घ्यावा लागत होता. वस्तू जवळजवळ फुकट मिळाली की ती जपण्यात कोणाला रस उरत नाही. एक खोरं संपलं की गिरणी पुढच्या खोऱ्यात जाते.

त्याच भागात माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी बांबू का घटतोय हे तपासलं. खात्याचा आणि गिरणीचा समज असा की गावकरी कोंब खातात, गुरं चारतात, म्हणून बांबू संपतो. प्रत्यक्षात गिरणीचे मजूर तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाची काटेरी जाळी साफ करत होते. त्या जाळीआड नवे कोंब सुरक्षित वाढायचे. ती गेली आणि गुरं, रानडुकरं, सायाळ यांना कोंब उघडे पडले. हे गावातल्या माणसांना ठाऊक होतं, पण त्यांना विचारण्याची सोय व्यवस्थेत नव्हती.

आपल्याकडे दुसरी अडचण माणसांची. एका बीट गार्डकडे शेकडो हेक्टरचं जंगल. ठेकेदाराच्या टोळ्या नगावर पैसे घेतात, म्हणून बेटाच्या बाहेरच्या कडेचा, हाताला लागेल तो बांबू आधी तोडतात. बाहेरचा म्हणजे नेमका कोवळा. आतला जुना, गुंतलेला, काढायला कष्टाचा बांबू तसाच राहतो आणि बेट आतून वाळत जातं. नियम पुस्तकात शाबूत, बेट मात्र कोंडलेलं.

### मग वनखातं नकोच का?

असं कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. ट्रक घेऊन रात्री येणाऱ्या सागवान चोराला लाठी घेतलेलं गाव कायमचं अडवू शकत नाही. गुन्हा नोंदवणं, जप्ती, आणि गावाचा अधिकार शेजाऱ्यांनी नाकारला तर तो मान्य करायला लावणं, यासाठी राज्यसंस्था लागते. वणव्याच्या वेळीही खात्याचा हातभार लागतो. खात्यानं रोजची तोड आणि विक्री गावावर सोडावी आणि कुंपणाबाहेरचा बंदोबस्त पाहावा, एवढंच म्हणणं आहे.

### खासगी मालक स्वतःचं जंगल जपेलच ना? सातबारा नावावर असला की माणूस काळजी घेतो.

शेताच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. जंगलाच्या बाबतीत विदर्भानं हा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. मालगुजारी आणि जमीनदारीच्या काळात गावाभोवतालचं बरंच जंगल मालगुजाराच्या किंवा जमीनदाराच्या मालकीचं होतं. रयतेला निस्तार मिळायचा, म्हणजे घरासाठी लाकूड, काट्या, चराई. त्याची नोंद निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये असायची. १९५० चा मालकी हक्क संपवणारा कायदा येणार हे दिसू लागलं, तसा मालकांचा हिशेब बदलला. उद्या आपलं नसणारं झाड आज विकलेलं बरं, असं ठरवून जंगलं ठेकेदारांना देण्याचे करार झाले. अशा करारांवरचे खटले पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ च्या एका निकालात उल्लेख आहे तो अशा कराराचा: जमीनदारानं १९४८ मध्ये आपल्याच पत्नीला जंगलातला बांबू, सरपण आणि सागवान तोडण्याचा हक्क २६,००० रुपयांना १९६० पर्यंत लिहून दिला होता. कागद नोंदणीकृतही नव्हता. जमीनदारी गेल्यावर राज्यानं तोड थांबवली आणि पत्नीचा अर्ज फेटाळला गेला.

यावरून मालगुजार वाईट होते असा निष्कर्ष काढू नये. खासगी मालक जंगल जपतो ते, जंगल आपल्या वारसाला मिळणार याची खात्री असेपर्यंत आणि उभ्या झाडाची वाढ बँकेच्या व्याजाहून जास्त देत असेल तोपर्यंत. सागाला साठ-ऐंशी वर्षं लागतात. तेवढी वाट पाहणारा मालक विरळा. शिवाय मोहाची फुलं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, सरपण, चराई, नाल्याचं पाणी यांचा फायदा मालकाच्या खात्यात येत नाही, म्हणून त्याच्या हिशेबात ते धरलेलंच नसतं.

स्वतःच्या शेताच्या बांधावर बांबू लावणं ही मात्र वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. २०१७ पासून वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला आहे.

### वैयक्तिक वनहक्काचा पट्टा म्हणजे जंगलाचं खासगीकरणच नाही का?

नाही. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला वैयक्तिक पट्टा वारसानं पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि जास्तीत जास्त ४ हेक्टरपुरता, प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीचा असतो. सामूहिक हक्कही विकता येत नाही. गावाला जंगल जपण्याचा, वाढवण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क मिळतो. जमिनीची खरेदी-विक्री त्यात बसत नाही.

### गावात आधीच संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे. ती पुरेशी नाही का?

महाराष्ट्रात ही योजना १९९२ पासून आहे आणि काही गावांत तिनं चांगलं काम झालं. पण समितीचा सचिव खात्याचा माणूस, समिती बरखास्त करण्याची मुभा खात्याला, आणि वाटा मिळणार तो खात्याच्या मर्जीनं. योजना शासन निर्णयानं येते आणि शासन निर्णयानं जाते. वनहक्क संसदेच्या कायद्यानं मिळतो. जुन्या समितीतली जाणती माणसं नव्या समितीत जरूर घ्या, पण जुन्या समितीच्या नावानं दावा करू नका.

### सामूहिक दावा कसा करायचा?

आधी ग्रामसभा म्हणजे कोण ते पक्कं करा. गटग्रामपंचायतीत चार-पाच गावं असतात. वनहक्कासाठी ग्रामसभा भरते ती गावाची किंवा टोल्याची, पंचायतीची नाही. सगळ्यात जास्त दावे इथेच लंगडे पडतात: ठराव पंचायतीच्या वहीत, गटाच्या नावानं. गावाची वेगळी कार्यवाही वही ठेवा. किमान निम्मे प्रौढ हजर पाहिजेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला.

ही ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश महिला. गावात आदिवासी नसतील तर एक तृतीयांश महिला एवढी अट राहते. बांबू, तेंदू, मोहा, चराई, मासे अशा हक्कांसाठी नमुना 'ब', आणि जंगलाच्या व्यवस्थापनासाठी नमुना 'क' भरायचा. अनेक गावं फक्त 'ब' भरून मोकळी होतात. मग बांबू गोळा करण्याचा हक्क येतो, पण कुठे तोडायचं, कुठे बंदी, हे ठरवण्याचा येत नाही.

नकाशा करताना वडीलधाऱ्यांसोबत शिव फिरा. नाला, टेकडी, देवस्थान, जुना दगड अशा खुणा कक्ष क्रमांकासह लिहा. किमान दोन पुरावे लागतात: निस्तारपत्रक किंवा वाजिब-उल-अर्जची नक्कल, ज्येष्ठांचे लेखी जबाब, देवराई, स्मशान, पाणवठे यांच्या नोंदी. नकला तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतात, अर्जाची पोच घ्या. पडताळणीची लेखी सूचना वनखात्याला आणि शेजारच्या गावांना द्या. शेजाऱ्याशी शिवेचा वाद असेल तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून लेखी समजुतीनं सोडवायचा. तो न सोडवता दावा पुढे पाठवला, तर उपविभागीय समितीत तो हमखास अडकतो.

### दरवर्षी किती बांबू तोडायचा हे कसं काढायचं?

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या जंगलात मोजूनच घ्या.

समजा गावाच्या हद्दीत ४०० हेक्टरवर मानवेल बांबू आहे. तोडीची पाळी चार वर्षांची धरू, म्हणजे १०० हेक्टरचे चार कूप. एका वर्षी एकच कूप उघडायचा, बाकी तीन बंद. तोडीआधी त्या कुपात वेगवेगळ्या ठिकाणी ५० मीटर लांब, २० मीटर रुंद असे २० तुकडे दोरीनं आखा. जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाही तर पाय आपोआप दाट बांबूकडेच वळतात आणि अंदाज फुगतो. वीस तुकडे मिळून २ हेक्टर झाले.

त्यात १२० बेटं सापडली, म्हणजे हेक्टरी ६०. त्यांतली ८० बेटं तोडण्याजोगी, म्हणजे हेक्टरी ४०. उरलेली लहान किंवा आजारी, ती सोडून द्यायची. तोडण्याजोग्या बेटात सरासरी यंदाचे ४ बांबू, गेल्या वर्षीचे ४ आणि दोन वर्षांवरचे पक्व १३ निघाले. नियम असा की यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही आणि पक्व बांबूंपैकी किमान ८ बेटात पसरलेले ठेवायचे. म्हणजे बेटामागे ५ तोडता येतील. हेक्टरी २००, कुपात २०,०००. मोजणी दोन टक्क्यांवरच झाली आहे, म्हणून पाचवा भाग वजा करा: १६,०००.

आता आधी गावाचा निस्तार. ६० घरांना ४० प्रमाणे २,४००. बुरुड कुटुंबांसाठी १,६००. विक्रीला उरले १२,०००. भाव नगाला ४० रुपये धरला तर ४,८०,००० रुपये. तोड, ओढ आणि रचाईची मजुरी नगाला १५ रुपये, म्हणजे १,८०,०००. मोजणी आणि चढाईचे नगाला २ रुपये, २४,०००. ग्रामसभेकडे २,७६,००० रुपये राहतात. ठेकेदार "माझी माणसं, माझा ट्रक, तुम्हाला नगाला वीस" असं म्हणतो तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा. त्याच्या बोलीत गावाच्या हाती २,४०,००० येतात, मजुरीही बाहेरच्यांना जाते आणि बेटात कोणता बांबू तोडला यावर तुमचं लक्ष राहत नाही.

### बांबूचं वय कसं ओळखायचं आणि तोड कशी करायची?

यंदाच्या बांबूवर पेरांची वेष्टनं चिकटलेली असतात, अंगावर पांढरी भुकटी आणि बाजूच्या फांद्या नसतात किंवा थोड्या असतात. गेल्या वर्षीच्याला फांद्या फुटलेल्या, खालच्या पेरांवर वेष्टनाचे अवशेष, रंग गडद हिरवा. पक्व बांबूची चकाकी गेलेली, रंग पिवळट, अंगावर बुरशीसारखे ठिपके, आणि कोयत्याच्या पाठीनं ठोकल्यावर टणक आवाज. ओळखता येईना तर तोडू नका.

तोड जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या खाली आणि ४५ सेंटिमीटरच्या वर नको, आणि पेराच्या लगेच वर. पेराच्या बऱ्याच वर कापलं की खुंटात नळी राहते, पाणी साचतं, खुंट कुजतो. खूप उंच खुंट राहिले की पुढच्या पाळीत बेटात हात घालता येत नाही आणि बेट कोंडतं. नवे कोंब ज्या बाजूला सरकतात तिच्या विरुद्ध बाजूनं आत शिरा, घोड्याच्या नालेच्या आकारात आतला जुना बांबू काढा. कंद खणायचा नाही. पावसाळ्यात, साधारण जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत तोड बंद.

वास्त्यांची भाजी बंद करावी का, असं हमखास विचारलं जातं. गरज नाही. प्रत्येक बेटातले पहिले जोमदार कोंब सोडायचे आणि पावसाच्या अखेरीस निघालेले, एरवीही जगण्याची शक्यता कमी असलेले कोंब घ्यायचे, असा नियम ग्रामसभेनं केला की भाजीही मिळते आणि बेटही वाढतं. बाजारात पोत्यानं वास्ते जाऊ लागले की मात्र लक्ष घाला.

तोड बिघडली हे ऑक्टोबरात कळतं. बेटागणिक यंदाचे बांबू मोजा. गेल्या पाळीपेक्षा कमी आणि बारीक निघाले तर तोड जास्त झाली आहे, किंवा आग किंवा गुरं शिरली आहेत. जळाल्याचे डाग खालच्या पेरांवर दिसतात, गुरांनी खाल्लेला कोंब वरून कुरतडलेला असतो. कारण कळल्याशिवाय पुढचा कूप उघडू नका.

### वाहतूक परवाना कोण देतो?

२०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती देते. बांबू कायद्याच्या व्याख्येनुसार गौण वनोपज आहे. हा मुद्दा सहज मिळालेला नाही. हक्कपत्र मिळाल्यानंतरही मेंढा गावाला बांबू विकता येत नव्हता, कारण खात्याचं म्हणणं बांबू हे झाड. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक गावाच्या हाती आलं, तेव्हा मार्ग मोकळा झाला.

परवान्यावर अनुक्रमांक, हक्कपत्राचा क्रमांक, कक्ष, नगसंख्या, वाहन क्रमांक, कुठून कुठे, मुदत, दोन सह्या. तीन प्रती: ट्रकसोबत, ग्रामसभेकडे, वनपरिक्षेत्र कार्यालयाला माहितीसाठी. कोरे परवाने सही करून कोणाकडेही ठेवू नका. ठेकेदाराकडे कोरं पुस्तक गेलं, तर दुसऱ्याच जंगलातला माल तुमच्या नावानं जातो आणि नाक्यावर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

### ठेकेदारानं पैसे बुडवले तर?

करारातच वाट बंद करा. लिलाव जाहीर, बंद लिफाफ्यानं, किमान तीन बोली. अनामत आधी, आणि माल हप्त्यानं: एका हप्त्याचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय पुढच्या हप्त्याचा परवाना लिहायचा नाही. धनादेश वठेपर्यंत ट्रक हलत नाही. ग्रामसभेचं बँक खातं, पॅन आणि करांच्या नोंदी नसल्या की व्यापारी "माझ्याच नावावर करून देतो" म्हणतो, आणि गाव त्याच्या हाती जातं. एकट्या गावाला ट्रकभर मालाच्या पुढे भाव मिळत नाही. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली ती अशाच अडचणींमुळे.

### नियम मोडणारा गावातलाच, तोही नातेवाईक असेल तर?

इथेच सामूहिक व्यवस्था टिकते किंवा मोडते. पहिल्या चुकीला मोठा दंड ठेवला तर तो कोणी वसूल करत नाही, आणि एकदा सोडलं की नियम संपला. म्हणून चढता दंड ठेवा: पहिल्यांदा माल जमा आणि ग्रामसभेत समज, दुसऱ्यांदा रक्कम, तिसऱ्यांदा त्या हंगामाच्या तोडीच्या कामातून वगळणं. गस्त पाळीपाळीनं सगळ्या घरांनी, दोन घरांची जोडी, आणि जोडी दर वेळी वेगळी. पगारी राखणदार असेल तर त्याचा पगार ग्रामसभा देते हे त्याला आणि गावाला दिसलं पाहिजे.

हिशेब मात्र दर महिन्याला मोठ्यानं वाचा. पासबुकाची प्रत आणि नगांची वही ग्रामसभेत सर्वांसमोर उघडी ठेवा. गावं जंगलावरून क्वचित फुटतात, पैशांवरून हमखास.

### सामूहिक म्हटलं की सगळं चांगलंच का?

अजिबात नाही. जंगल हाती आल्यावर पहिल्या दोन वर्षांत झटपट पैसा दिसतो आणि चारही कूप एकदम उघडण्याचा मोह होतो. कुठे चार शिकलेली माणसं सगळे कागद हातात ठेवतात. भूमिहीन कुटुंबं आणि बायका सरपणासाठी रोज जंगलात जातात, पण बंदीचे नियम त्यांना न विचारता होतात. बुरुडांची घरं बहुतेक गावांत दोन-चार, त्यांचा आवाज मतांनी दबतो. म्हणून त्यांचा वाटा निस्ताराबरोबर आधी काढायचा, विक्रीनंतर उरलेल्यातून नाही.

उलट बाजूचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर त्यांनी बांबूची विक्री सुरू केली, आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असा निर्णय घेतला. तेंदूत पैसा होता, पण चांगली पानं फुटावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, झुडपं कापली जातात आणि आग लावली जाते. ती आग बांबूच्या कोंबांवर येते आणि तेंदूची फळंही जातात. हा निर्णय ठेकेदाराला कधीच परवडला नसता आणि महसुलाचं लक्ष्य असलेल्या कार्यालयालाही घेता आला नसता. प्रत्येक गावानं तेंदू बंद करावा असं आमचं म्हणणं नाही. ज्या गावात बांबू नाही तिथे मे महिन्याची तीच कमाई असते. पण आग न लावता पानं घेण्याची अट करारात घाला आणि जाळरेषा १५ फेब्रुवारीच्या आत साफ करा.

### बांबूला फुलोरा आला तर?

मानवेल साधारण चाळीसेक वर्षांनी एकगठ्ठा फुलतो, बी धरतो आणि मरतो. फुलोरा दिसताच घाबरून सगळा बांबू तोडला तर बीच पडत नाही. बी गळेपर्यंत थांबा, मग वाळलेला बांबू काढा, कारण तो उभा राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात वणव्याला इंधन होतो. पावसाळ्यात रोपांचा गालिचा उगवतो. त्याला पुढची काही वर्षं गुरांपासून आणि आगीपासून पूर्ण बंदी लागते, आणि तोडण्याजोगी बेटं व्हायला आठ-दहा वर्षं जातात. बी पडलं की उंदीरही वाढतात, तेव्हा घरातलं धान्य सांभाळा.

या आठ-दहा वर्षांत बांबूचं उत्पन्न शून्य. म्हणून वर काढलेल्या २,७६,००० मधला ठरावीक भाग, निदान पाचवा हिस्सा, दरवर्षी मुदत ठेवीत टाका आणि ठेवीच्या पावतीवर तीन सह्या ठेवा, त्यांतली एक बाईची.